करडई तेलाचं आयोडीन मूल्य दरवेळी कमी येतंय? विज्स पद्धतीतला दोष वजनं बदलून शोधा

शेंगदाणा तेल नव्वदच्या आसपास येतं, म्हणजे जिथे यायला हवं तिथेच. पण त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या विज्स द्रावणाने, त्याच ब्युरेटवर करडईचं तेल केलं की १४० च्या जागी १२८, १२६, १३० असं काहीतरी हाती लागतं. पुन्हा केलं तरी तेच. दोन वाचनं एकमेकांशी इतकी जुळतात की चूक आपली असेल असं वाटतच नाही. मग एक तर विज्सची नवी बाटली मागवली जाते, नाही तर गिरणीवाल्याला कळवलं जातं की तेलात सोयाबीन किंवा सूर्यफूल मिसळलेलं दिसतंय. नव्या बाटलीनेही आकडा तसाच राहतो. आणि दुसऱ्या वाटेत चांगलं तेल गाळणाऱ्या माणसावर नाहक भेसळीचा ठपका बसतो.

ही तक्रार तेलगिरण्यांच्या छोट्या प्रयोगशाळांत आणि महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकांत सारखी ऐकू येते. तिचं उत्तर बहुतेक वेळा वजनकाट्यावर सापडतं. दोष शोधायची जी रीत पुढे दिली आहे ती एवढीच: तेच तेल तीन-चार वेगवेगळ्या वजनांवर करायचं आणि उत्तर कोणत्या बाजूला सरकतं ते पाहायचं. कोणत्या प्रकारचा दोष आहे हे त्या सरकण्याच्या दिशेवरून कळतं.

आधी फ्लास्कमध्ये काय होतं ते पाहू. १०० ग्रॅम तेल जितकं हॅलोजन स्वतःला जोडून घेतं, ते आयोडीनच्या ग्रॅममध्ये मांडलं की आयोडीन मूल्य मिळतं. नुसतं आयोडीन दुहेरी बंधावर फार आळसाने बसतं, म्हणून विज्स द्रावणात आयोडीन मोनोक्लोराइड असतं. ते ग्लेशियल ॲसिटिक आम्लात विरघळवलेलं असतं. त्याचा प्रत्येक रेणू एका दुहेरी बंधावर बसतो, एका कार्बनला आयोडीन आणि दुसऱ्याला क्लोरीन. ठरलेला वेळ अंधारात ठेवल्यावर जे आयोडीन मोनोक्लोराइड उरतं त्यावर आपण पोटॅशिअम आयोडाइड ओततो. त्यातून मोकळं झालेलं आयोडीन सोडिअम थायोसल्फेटने टायट्रेट करतो. तेल न घातलेला ब्लँक सोबत असतोच. म्हणजे ब्युरेट आपल्याला तेलाने काय घेतलं ते सांगत नाही, काय शिल्लक राहिलं ते सांगते. तेलाने घेतलेलं आपण वजाबाकीने काढतो:

आयोडीन मूल्य = १२.६९ × (ब्लँक − नमुना) × थायोसल्फेटची नॉर्मॅलिटी ÷ तेलाचं वजन

ब्लँक आणि नमुना मिलिलिटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये.

या सूत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: वेळ संपेपर्यंत तेलातला प्रत्येक दुहेरी बंध भरून गेलेला असतो. तो भरायला लागणारं द्रावण पुरेसं आहे का, हे सूत्र विचारत नाही. करडईच्या बाबतीत गाडी नेमकी इथे अडते.

द्रावण पुरत नाही तेव्हा

समजा प्रयोगशाळेत सगळ्या तेलांसाठी साधारण ०.३५ ग्रॅम घ्यायची सवय आहे. हे वजन काट्यावर पटकन जमतं, शेंगदाण्याला चालतं आणि कुणीतरी कधीतरी रजिस्टरमध्ये लिहून ठेवलेलं असतं. विज्स द्रावण साधारण ०.२ नॉर्मल असतं आणि आपण ते २५ मिली घालतो. ०.१ नॉर्मल थायोसल्फेटने त्याचा ब्लँक पन्नासच्या थोडा खाली येतो.

९२ मूल्याच्या ०.३५ ग्रॅम शेंगदाणा तेलाला यातलं साधारण २५ मिलीएवढं लागतं. जवळजवळ निम्मं द्रावण उरतं, म्हणून प्रक्रिया पुरी होते आणि उत्तर बरोबर येतं. पण १४२ मूल्याच्या तेवढ्याच करडई तेलाला सुमारे ३९ मिलीएवढं लागेल. म्हणजे घातलेल्यापैकी जेमतेम पाचवा भाग शिल्लक राहायला हवा. कागदावर द्रावण पुरतंय, पण फ्लास्कमध्ये पुरत नाही. कारण जोडणीचा वेग द्रावणाच्या संहतीवर अवलंबून असतो, आणि ॲसिटिक आम्लात आयोडीन मोनोक्लोराइडच्या बाबतीत संहती घटली की वेग तिच्यापेक्षाही झपाट्याने पडतो. सुरुवातीचे बंध पटापट भरतात, शेवटचे रेंगाळतात. अर्धा तास संपतो, आपण आयोडाइड ओततो आणि न भरलेले बंध तसेच राहतात. तेलाने कमी घेतलं असं ब्युरेट दाखवते.

दोन वाचनं एकमेकांशी जुळतात तीही याचमुळे. वजन तेच, वेळ तीच, द्रावण तेच, तेव्हा अपुरेपणाही दरवेळी तेवढाच. म्हणून वाचनांच्या जुळण्यावर इथे विसंबता येत नाही. ते काट्याची आणि हाताची सफाई दाखवतं, प्रक्रिया पुरी झाल्याची ग्वाही देत नाही.

खात्री करायला तेच तेल चार वजनांवर घ्या. ब्लँक ४८.६० मिली आणि थायोसल्फेट ०.१००३ नॉर्मल असताना चित्र साधारण असं दिसतं:

| तेल (ग्रॅम) | नमुना (मिली) | शिल्लक द्रावण | आयोडीन मूल्य |
|---|---|---|---|
| ०.३५१२ | १३.३४ | २७ टक्के | १२७.८ |
| ०.२७३८ | १९.५२ | ४० टक्के | १३५.२ |
| ०.२०४१ | २६.०५ | ५४ टक्के | १४०.६ |
| ०.१३२६ | ३३.८० | ७० टक्के | १४२.१ |

शिल्लक द्रावण म्हणजे नमुन्याचं वाचन भागिले ब्लँकचं वाचन. पहिली ओळ हाताने करून पाहा: ४८.६० मधून १३.३४ वजा केले की ३५.२६. त्याला ०.१००३ आणि १२.६९ ने गुणून ०.३५१२ ने भागलं की १२७.८. शेवटच्या ओळीत फरक १४.८० मिली आहे, आणि तीच आकडेमोड १४२.१ देते. तेल एकच, बाटली एकच, तरी उत्तरात चौदाचा फरक. तुमचे आकडे अगदी असेच येणार नाहीत. पण वजन कमी केल्यावर मूल्य चढत जातं आणि मग एका पातळीवर येऊन थांबतं, असं दिसलं तर दोष सापडला. ती थांबलेली पातळी हेच तेलाचं खरं मूल्य.

तिसरी ओळही नीट बघा. निम्म्याहून थोडं जास्त द्रावण उरल्यावर उत्तर जवळजवळ पोचलेलं आहे. म्हणून घातलेल्या द्रावणापैकी निदान निम्मं शिल्लक राहायला हवं, हा दंडक. त्याहून कमी उरलं तर ते वाचन रजिस्टरमध्ये लिहूच नये, कमी वजनावर पुन्हा करावं. ब्युरेट वाचल्याबरोबर नमुना भागिले ब्लँक काढायला दहा सेकंदही लागत नाहीत. ही एक सवय लावली तर या पानावरचा अर्धा मजकूर तुम्हाला लागणार नाही.

वजन आधीच ठरवायला सोपा हिशेब आहे. २० ला अपेक्षित मूल्याने भागा, येईल तितके ग्रॅम घ्या. करडईला ०.१४, शेंगदाण्याला ०.२२, पाम तेलाला ०.४ च्या आसपास, जवसाला ०.११. वरची मर्यादा हवी असेल तर २० च्या जागी ३० धरा, त्यापुढे जाऊ नका. आयएसओ ३९६१ या आंतरराष्ट्रीय मानकातली वजनंही याच्या जवळपासची आहेत: १०० ते १५० मूल्याला ०.१३ ग्रॅम, ५० ते १०० ला ०.२०, २० ते ५० ला ०.४०. खोबरेल तेलाला मात्र उलट अडचण येते. त्याचं मूल्य सहा ते दहाच्या दरम्यान असतं, त्यामुळे ०.३५ ग्रॅम घेतलं तर ब्लँक आणि नमुन्यात जेमतेम अडीच मिलीचा फरक पडतो आणि ब्युरेटच्या एका थेंबाने उत्तर हलतं. तिथे निदान एक ग्रॅम घ्यायला हवं. तेल कोणतं हेच माहीत नसेल तर ०.१५ ग्रॅमवर एक कच्चं वाचन काढा आणि त्यावरून वजन ठरवा.

लहान वजनाची लोकांना भीती वाटते ती काट्यामुळे. ०.१३ ग्रॅम म्हणजे तेलाचे चार-पाच थेंब. दोन दशांश स्थळांच्या काट्यावर हे काम होणारच नाही. तीन दशांशांच्या काट्यावर एका मिलिग्रॅमची चूक मूल्यात एक एककाची चूक करते. चार दशांशांचा काटाच हवा. आणि तेल फ्लास्कच्या मानेवर लागू न देता तळाशी सोडायला हवं. त्यासाठी ड्रॉपरसकट छोटी बाटली वजन करून थेंब सोडायचे आणि बाटली पुन्हा वजन करायची, ही रीत सगळ्यात बरी. मानेला चिकटलेला थेंब वजनात धरला जातो पण द्रावणापर्यंत पोचत नाही, आणि मूल्य पुन्हा कमी येतं.

उतार उलटा असेल तर: ब्लँककडे बघा

कधी चार वजनांवर उलटंच दिसतं. जास्त वजनांवर उत्तर एका जागी थांबतं आणि वजन कमी केलं की ते वर किंवा खाली पळतं. इथे द्रावण अपुरं नसतं. ब्लँक आणि नमुन्याच्या वजाबाकीत एक ठरावीक मिलीची चूक शिरलेली असते. वजन कितीही असो, चूक तेवढीच राहते. पण सूत्रात तिला वजनाने भागलं जातं, म्हणून लहान वजनावर ती मोठी होऊन दिसते.

आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे तापमान. ॲसिटिक आम्ल पाण्यापेक्षा खूप जास्त प्रसरण पावतं, प्रत्येक अंशाला सुमारे ०.१ टक्का. सकाळी २७ अंशांना ब्लँक काढला आणि एप्रिलच्या दुपारी ३४ अंशांना नमुने केले, तर त्याच पिपेटमधून पाऊण टक्का कमी आयोडीन मोनोक्लोराइड पडतं. ब्लँकच्या ४८.६ मिलीवर हा फरक ०.३६ मिलीचा. ०.१३ ग्रॅम करडईवर तो साडेतीन एककं होतो, ०.३० ग्रॅमवर दीड. दिशा नेहमी एकच: द्रावण ब्लँकच्या वेळेपेक्षा गरम असेल तर मूल्य फुगतं, थंड असेल तर घटतं. एकदा ब्लँक काढून आठवडाभर वापरणाऱ्या प्रयोगशाळांत हिवाळा-उन्हाळ्याचे निकाल जुळत नाहीत, ते यामुळेच.

उपाय साधा आहे. प्रत्येक गटासोबत दोन ब्लँक घ्या, एक सुरुवातीला आणि एक शेवटी, त्याच पिपेटने आणि तितकाच वेळ निथळू देऊन. विज्स द्रावण पाण्यासारखं झरझर उतरत नाही. ब्लँकला पिपेट घाईत उचलली आणि नमुन्याला शांतपणे निथळू दिली तरी एक-दोन थेंबांचा फरक पडतो, आणि पुन्हा तीच ठरावीक मिलीची चूक तयार होते. दोन्ही ब्लँकमध्ये ०.१ मिलीपेक्षा जास्त अंतर आलं तर नमुन्यांचे आकडे काढण्याआधी ते का आलं ते शोधावं. (पिपेट तोंडाने ओढू नये, रबरी बल्ब वापरावा. विज्सच्या वाफा घशाला आणि दातांना घातक आहेत, म्हणून हे काम धूरकपाटातच करावं.)

ठरावीक चुकीचं दुसरं घर म्हणजे टायट्रेशनचा शेवट. पूर्वी तेल कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये विरघळवत. ते विषारी आहे आणि ओझोनच्या थराला घातक, म्हणून आता सायक्लोहेक्झेन आणि ग्लेशियल ॲसिटिक आम्ल समप्रमाणात मिसळून वापरतात. या बदलाबरोबर एक गोष्ट उलटी झाली आणि ती कुणी सांगत नाही. कार्बन टेट्राक्लोराइड पाण्यापेक्षा जड, त्यामुळे उरलेलं आयोडीन तळाशी जांभळं दिसायचं. सायक्लोहेक्झेन हलकं, ते वर तरंगतं आणि आयोडीन त्या वरच्या थरात लपतं. जुन्या सवयीने तळाकडे पाहणारा माणूस पाण्याचा निळा रंग गेला की थांबतो. वरच्या थरात अजून गुलाबी छटा असते. नमुन्याचं वाचन कमी येतं आणि मूल्य जास्त निघतं. शेवटाजवळ बूच लावून फ्लास्क जोरात हलवा, थर वेगळे होऊ द्या, वर पाहा, मगच पुढचा थेंब. स्टार्च अगदी शेवटी घाला, द्रावण फिकट पेंढ्याच्या रंगाचं झाल्यावर. आयोडीन भरपूर असताना स्टार्च घातला तर तो त्याला घट्ट धरून बसतो, निळा रंग रेंगाळतो आणि शेवट कुठे हे कळत नाही.

सगळ्या वजनांवर उत्तर सारखंच, पण चुकीचं

वजन बदलूनही मूल्य हलत नाही, तरी ते अपेक्षेपेक्षा दोन-चार टक्के वर किंवा खाली आहे. मग चूक गुणाकारात असते, आणि गुणाकारात बदलू शकणारी गोष्ट म्हणजे थायोसल्फेटची नॉर्मॅलिटी. थायोसल्फेट ठेवल्या ठेवल्या कमजोर होतं. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड, उजेड आणि जीवाणू तिघंही त्याला पोखरतात. बाटलीवर ०.१००३ लिहिलंय पण खरं ०.०९८० उरलंय, असं असेल तर ब्लँक आणि नमुना दोन्ही जास्त मिली घेतात. १४२.१ मूल्याचं तेल सगळ्या वजनांवर १४५.४ दाखवतं. ब्लँकही ४८.६० वरून ४९.७४ वर गेलेला दिसतो, आणि हीच याची खूण. विज्स द्रावण बंद बाटलीत मुरताना कधी जोर धरत नाही. तेव्हा त्याच बाटलीचा ब्लँक वाढताना दिसला तर विज्सवर शंका घेण्याआधी थायोसल्फेट पोटॅशिअम डायक्रोमेटवर पुन्हा प्रमाणित करा. बनवताना उकळून गार केलेलं पाणी घ्यावं आणि चिमूटभर सोडिअम कार्बोनेट घालावं, म्हणजे ते जास्त दिवस टिकतं.

वजन योग्य आहे, थायोसल्फेट ताजं आहे, तरी उत्तर खाली आहे, तर वेळ पाहा. पुष्कळ ठिकाणी अर्धा तास ठेवायची रीत आहे आणि शेंगदाण्या-तिळासारख्या तेलांना ती पुरते. आयएसओ ३९६१ मात्र १५० पेक्षा कमी मूल्याला एक तास आणि त्याहून जास्त मूल्याला दोन तास सांगतं. करडई या सीमेच्या अलीकडे आहे, जवस पलीकडे. तेच वजन घेऊन तीन फ्लास्क लावा, अर्धा तास, एक तास, दोन तास. अर्ध्या तासाचं वाचन खाली आणि पुढची दोन सारखी आली तर अर्धा तास अपुरा होता.

दोन तासांचं वाचन एका तासापेक्षा चढलं आणि चढतच राहिलं तर दुसरीच गोष्ट घडते आहे. दुहेरी बंध भरून झाल्यावरही हॅलोजन खर्च होतंय, म्हणजे ते हायड्रोजनची जागा घ्यायला लागलं आहे. उजेडात ठेवलेला फ्लास्क हे त्याचं एक कारण. दुसरं, विज्समध्ये क्लोरीन गरजेपेक्षा जास्त असणं. म्हणूनच चांगल्या विज्समध्ये आयोडीन मुद्दाम किंचित जास्त ठेवतात. स्वतः बनवणाऱ्यांनी क्लोरीन सोडताना टायट्रेशनचं वाचन पुरतं दुप्पट होण्याच्या जरासं आधी थांबावं. ओलसर फ्लास्कही काम बिघडवतो, कारण पाण्याने आयोडीन मोनोक्लोराइड विघटित होतं. धुतल्यावर भट्टीत पूर्ण वाळलेले फ्लास्कच घ्या.

आणि वाचनं एकमेकांशी जुळतच नसतील, कधी वर कधी खाली, तर बूच तपासा. सैल बुचातून हॅलोजनच्या वाफा निसटतात आणि तेवढं मूल्य फुगतं. आयोडीन फ्लास्कच्या मानेभोवतीच्या वाटीत पोटॅशिअम आयोडाइडचं द्रावण भरून ठेवलं की निसटणारी वाफ तिथेच धरली जाते. उघडताना ते द्रावण आत ओघळू द्यायचं, म्हणजे टायट्रेशनमधून काही सुटत नाही.

आकडा बरोबर आहे, तर तेलाबद्दल काय कळलं?

एवढं सगळं नीट करूनही करडईचं तेल १२८ वरच थांबलं, तर आता तेलाकडे पाहायची वेळ आली. आयोडीन मूल्य दुहेरी बंधांची एकूण बेरीज आहे. ऑलिइक आम्लात एक दुहेरी बंध, लिनोलेइकमध्ये दोन, लिनोलेनिकमध्ये तीन. नुसत्या ऑलिइकचं ट्रायग्लिसराइड घेतलं तर मूल्य ८६.० येतं, लिनोलेइकचं १७३.२, लिनोलेनिकचं २६१.६. संपृक्त मेदाम्लांचं शून्य. मिश्रणात ही मूल्यं टक्केवारीनुसार मिसळतात. १४ टक्के ऑलिइक आणि ७६ टक्के लिनोलेइक असलेल्या करडई तेलात ऑलिइकचे १२.० आणि लिनोलेइकचे १३१.६, मिळून १४३.६. गॅस क्रोमॅटोग्राफीने मेदाम्लांची टक्केवारी मिळत असेल तर ही बेरीज करून विज्सच्या उत्तराशी ताडून पाहता येते. विज्स १२८ आणि बेरीज १४३ असेल तर पुन्हा वजनांकडे जा. दोन्ही १२८ च्या आसपास असतील तर तेलच तसं आहे.

पण ते का तसं आहे, हे हा आकडा एकटा सांगू शकत नाही. सोलापूर, मराठवाडा, उत्तर कर्नाटक या करडईच्या पट्ट्यातलं पारंपरिक तेल लिनोलेइकने भरलेलं असतं. कोडेक्स मानकात त्याची मर्यादा १३६ ते १४८ आहे. पण करडईच्या काही वाणांत लिनोलेइकच्या जागी ऑलिइक जास्त असतं, आणि कोडेक्समध्ये अशा तेलाची मर्यादा वेगळी, ८० ते १०० आहे. अस्सल करडई आणि मूल्य ९०, हे पूर्ण शक्य आहे. पारंपरिक आणि जास्त ऑलिइकच्या बियांचा माल एकाच घाण्यात गेला तर मधला कुठलाही आकडा येऊ शकतो. भेसळीचं पत्र लिहिण्याआधी बी कुठून आलं हे विचारायलाच हवं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पामोलिनचं मूल्य ५८ आणि सूर्यफुलाचं १३० धरलं, तर निम्मं-निम्मं मिश्रण ९४ देतं. शेंगदाणा तेलाच्या मर्यादेत ते चपखल बसतं आणि त्यात शेंगदाण्याचा एक थेंबही नसतो. आयोडीन मूल्य असं मिश्रण पकडू शकत नाही. तिथे बेलियर चाचणी हवी, कारण शेंगदाणा तेलातल्या लांब साखळीच्या संपृक्त आम्लांमुळे ते विशिष्ट तापमानाला गढूळ होतं आणि हे वागणं पामोलिन-सूर्यफुलाच्या मिश्रणाला सहजी जमत नाही. नाही तर मेदाम्लांची पूर्ण टक्केवारी काढावी. वनस्पती तुपाच्या बाबतीतही अशीच मर्यादा आहे. ट्रान्स बंधही विज्सला दुहेरी बंधच दिसतो, त्यामुळे हायड्रोजनीकरण किती झालं हे मूल्यावरून कळतं, पण ट्रान्स किती तयार झालं ते कळत नाही.

जुन्या किंवा पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचं मूल्य खरोखरच घटतं, कारण ऑक्सिजन आणि उष्णता दुहेरी बंध खातात. उघड्या डब्यात पडून राहिलेलं करडई तेल यात सगळ्यात आधी सापडतं. अशा तेलाचं पेरॉक्साइड मूल्यही काढा. पेरॉक्साइडं स्वतः आयोडाइडमधून आयोडीन मोकळं करतात, म्हणून त्यांनीच विज्सचं वाचन बिघडवलं असेल अशी शंका काही जण घेतात. पण २० पेरॉक्साइड मूल्याच्या ०.१३ ग्रॅम तेलातून ०.०३ मिली थायोसल्फेटएवढंही आयोडीन निघत नाही. तेव्हा घट दिसली ती त्या कारणाने नाही. पेरॉक्साइड जास्त आणि सगळ्या वजनांवर मूल्य सारखंच खाली असेल, तर आणखी एक पायरी उरते: त्याच गिरणीतून, त्याच बियांचं, त्या दिवशी गाळलेलं तेल मागवून दोन्ही एकाच गटात, त्याच ब्लँकसोबत करून पाहायचं. ताजं तेल १४० च्या पुढे गेलं तर डब्यातलं तेल शिळं झालं होतं. तेही १२८ वर थांबलं तर मेदाम्लांची टक्केवारी काढा. बियाणं जास्त ऑलिइकचं आहे की त्यात दुसरं काही मिसळलंय, ते तिथे कळेल.